जिभेखालची गोळी

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'काटा' म्हणते. हत्तीएवढ्या माणसाला काटा म्हणताना लोकांना हसू कसं येत नाही, असं लग्नानंतर मला वाटायचं. मग कळलं, हा काटा पायात रुततो तो नव्हे, वजनाचा. आमच्या बेकरीत कुठल्याही भांड्यातलं मिश्रण बोटाच्या टोकावर घ्यायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा: "साखर मूठभर कमी पडलीय." कारागीर कुरकुरत हिशोब लावायचे आणि खरंच मूठभर कमी निघायची. अशी जीभ देवाने ज्याला दिली, त्याला पोट तरी बेताचं द्यायला हवं होतं. पण देवाने दोन्हीकडे हात सैल सोडला.

ह्यांची चव घेण्याची पद्धत अशी की बोटाने सुरुवात व्हायची आणि चमच्यावर यायची. पुढे पुढे खात्री करण्यासाठी अख्खा केक लागायचा. घरातला वजनकाटा ह्यांचा भार बघून हात टेकायचा, म्हणून मैद्याची पोती तोलायच्या काट्यावर उभे राहायचे. गुडघे बोलायला लागले, रक्तातली साखर औषधांना जुमानेना, रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा. शेवटी डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन सुचवलं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. जठराचा वरचा अंड्याएवढा भाग वेगळा करायचा आणि तो सरळ पुढच्या आतड्याला जोडायचा. उरलेलं मोठं जठर आत तसंच राहणार, पण अन्न त्याच्या वाटेला जाणार नाही. आतड्याचा पहिला तुकडाही वगळला जाणार. "म्हणजे बायपास रस्ता," हे म्हणाले. "गावात शिरायचंच नाही, बाहेरून निघून जायचं."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. "पण काका, गावातल्या बाजारात जे मिळायचं, तेही मग मिळत नाही. ते गोळ्यांनी घ्यावं लागतं. जन्मभर."

ह्यांनी मान डोलावली. बाजाराचं ते वाक्य ह्या कानाने आत गेलं आणि त्या कानाने बाहेर, हे मला फार नंतर कळलं.

ऑपरेशन झालं आणि आमच्या घरात निराळाच माणूस राहायला आला. उभ्या उभ्या अर्धा पाव फस्त करणारा माझा नवरा एक उकडलेलं अंडं घेऊन बसायचा आणि मी आंघोळ करून, केस विंचरून आले तरी त्यातलं निम्मं ताटात असायचं. प्रत्येक घास चावून चावून बारीक करायचा. आधी अंडी, मासे, पनीर असलं ताकदीचं खायचं, मग बाकीचं. जेवताना पाणी प्यायचं नाही, ते नंतर बऱ्याच वेळाने. हे सगळे नियम आम्हाला दवाखान्यातल्या आहारवाल्या ताईंनी घालून दिले होते. ताई वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण नजर अशी की हे त्यांच्यासमोर शाळेतल्या मुलासारखे हात पाठीमागे घेऊन उभे राहायचे. माझ्यासमोर एवढ्या वर्षांत कधी राहिले नव्हते.

वजन सरसर उतरलं, साखरेच्या गोळ्या सुटल्या, घोरणं थांबलं. घर इतकं शांत झालं की मलाच झोप लागेना.

मग तो कॅरॅमलचा दिवस आला. एका लग्नाची मोठी ऑर्डर होती. भट्टीवर साखर वितळत होती, सोनेरी झाली, त्यात साय पडली आणि सगळ्या बेकरीत तो वास भरला. ह्यांनी आधी बोट लावलं. मग चमचा घेतला. मी काउंटरवरून ओरडले, "अहो, पुरे!" तर म्हणतात, "चव नको का बघायला? लग्नाचं आहे." मी मोजले नाहीत, पण चमचे बरेच झाले.

थोड्याच वेळात हे आतून भिंतीला धरून आले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घामाचे थेंब, हात छातीवर. "पळतंय," म्हणाले. काय पळतंय ते विचारायच्या आत स्वतःच पोट धरून संडासकडे पळाले. परत आले ते मैद्याच्या पोत्यांवर आडवे झाले. मला वाटलं, संपलं, हृदयाचा झटका.

मागच्या घरातून सासूबाई काठी टेकत आल्या. सासूबाईंना तेव्हा नीट ओळख पटत नव्हती. सुनेला कुणीतरी शेजारीण समजायच्या आणि पोटच्या मुलाला 'दादा' म्हणायच्या. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, वारून किती वर्षं झाली होती. पण कुणाला अशक्तपणा आला की साखरपाणी द्यायचं, एवढं मात्र पक्कं आठवत होतं. "दादा, घे, तरतरी येईल," म्हणत त्यांनी पेला तोंडाला लावला. मी दवाखान्यात फोन लावेपर्यंत ह्यांनी तो रिकामाही केला होता. आणि पुन्हा पळाले.

ताईंनी फोनवर आधी सगळं विचारून घेतलं. छातीत कळ आहे का, हात भरून येतोय का, श्वास लागतोय का. आणि मग विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"थोडंसं कॅरॅमल," मी म्हणाले.

"थोडंसं म्हणजे काकांचं थोडंसं की माझं?"

ताई समजल्या. "काकू, हे डम्पिंग आहे. पूर्वी जठर दारावरच्या पहारेकऱ्यासारखं गोड हळूहळू आत सोडायचं. आता पहारेकरीच नाही. सगळी साखर धाडकन आतड्यात पडते, ती शरीरातलं पाणी तिकडे ओढून घेते. म्हणून कळा, जुलाब, धडधड, घाम. त्यांना झोपवून ठेवा, उतरेल. आणि कृपा करून आता साखरपाणी देऊ नका."

"दिलं की हो," मी म्हणाले.

पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. ताईंनी सांगितलं, अजून दीड-दोन तास लक्ष ठेवा, कारण एवढ्या साखरेला घाबरून शरीर इन्सुलिन भरमसाट सोडतं आणि मग उलटच होतं, साखर तळाला जाते. आणि तसंच झालं. संध्याकाळी ह्यांचे हात थरथरायला लागले, शब्द अडखळायला लागले. घरातल्या यंत्रावर साखर कमी दिसली. ताईंना विचारूनच मोजका फळांचा रस दिला आणि पाठोपाठ चीजचा तुकडा, तेव्हा माणूस ताळ्यावर आला. ताळ्यावर आल्या आल्या शपथ घेतली: आजपासून ह्या जिभेवर गोड म्हणून ठेवणार नाही.

मला वाटलं, चार दिवस टिकेल. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हे तर ताकाकडे बघायलाही तयार नव्हते. द्राक्ष दिसलं तरी दोन पावलं मागे. खोकल्याचं औषधसुद्धा परत पाठवलं. बेकरीतली चव घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी जिभेने ठार आंधळी. मला गोड आणि फार गोड एवढंच कळतं. हे माझ्या समोर उभे राहून विचारायचे, "मागून काय येतंय? जळकट येतंय का?" मी म्हणायचे, "मागून गिऱ्हाईक येतंय, सरका." शेवटी हे वासावर आणि रंगावर काम करायला लागले, आणि माझं वजन मात्र चवी घेऊन घेऊन वाढलं.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र हे लष्करी शिस्तीचे. लोहाची आणि फॉलिक ॲसिडची सकाळी, कॅल्शियमची त्यापासून लांब दुपारी आणि संध्याकाळी, कारण दोघी एकत्र गेल्या की एकमेकींचा हात धरतात आणि कुणीच अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीच्या आसपास मी चहाचा कप नुसता ठेवला तरी हे डोळे वटारायचे. ओट्यावर बाटल्यांची रांग होती. त्यात एक छोटी, गुलाबी गोळ्यांची, जिभेखाली ठेवायची. ती बाटली दर महिन्याला रिकामी व्हायची आणि नवी यायची. ह्यापेक्षा बायकोने आणखी काय बघायचं असतं?

पहिल्या वर्षी तपासण्या झाल्या. नंतर ह्यांनी जाणंच सोडलं. "वजन ताब्यात, साखर ताब्यात. तिथे जाऊन काय दाखवू, माझं तोंड?" मी फारच मागे लागले तेव्हा कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेत हिमोग्लोबिन तपासून आले आणि कागद माझ्या नाकासमोर नाचवला. आकडा माझ्यापेक्षा चांगला होता.

मधल्या काळात आमच्या घरात एक चमत्कार घडत होता. सासूबाईंना पालवी फुटली. आधी पायांत मुंग्या येतात म्हणून रडायच्या, ते थांबलं. मग काठी विसरायला लागल्या. म्हणजे आधी माणसं विसरायच्या, आता काठी विसरायला लागल्या. एके दिवशी मी भाजी चिरत होते, तर मागून आवाज आला, "सूनबाई, कोथिंबिरीची देठं टाकू नकोस." मी सुरी खाली ठेवली. सून म्हणून ओळखलं ह्याचा आनंद करायचा की देठांवरून बोलणी बसली ह्याचं वाईट वाटून घ्यायचं, तेच कळेना. आणि त्याच आठवड्यात त्यांनी ह्यांना हाक मारली: "बाळ्या!"

हे भट्टीशी होते. तिथेच थांबले. मग नाक ओढून म्हणाले, "धूर फार झालाय आज." विजेची भट्टी आमची, धूर कुठला!

घरात प्रत्येकाने त्या चमत्काराचं श्रेय घेतलं. मी म्हटलं, माझ्या सूपामुळे. त्यांचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, सकाळच्या फेरफटक्यामुळे. हे काहीच बोलायचे नाहीत, नुसते समाधानाने हसायचे. रोज सकाळी आईच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं तिच्याजवळ बसायचे, दार लोटून. मला कौतुक वाटायचं. खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटायचा.

आई फुलत होती आणि लेक मात्र सुकायला लागला होता. आधी चिडचिड सुरू झाली. मग जीभ झोंबते म्हणायला लागले. बघितली तर लालबुंद आणि गुळगुळीत, घोटल्यासारखी. चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि हे तसेच पुढे. मी म्हणायचे, "अहो, चप्पल येत नाहीये तुमच्याबरोबर, रुसली का?" शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. केकवर क्रीमची नक्षी काढताना गुलाबाची कोबी व्हायला लागली. तोंड धुताना, साबणाने डोळे मिटले की हे डुलायचे आणि बेसिनची कड घट्ट धरायचे. मी थट्टा केली, "कुठली गाणी ऐकता हो बेसिनमध्ये?" आता ती थट्टा आठवली की जीव कसानुसा होतो. पण तेव्हा काय ठाऊक?

आणि मग तो दिवस. दुपारची वेळ, भट्टीतून ट्रे काढत होते. मी काउंटरवर. अचानक जळकट वास आला, ब्रेडचा नव्हे, रबराचा. आतून ह्यांचा आवाज आला, "अगं, काय जळतंय बघ गं, तुझं काही गॅसवर आहे का?"

मी आत गेले. तापलेला ट्रे खालच्या फळीवरून घसरून ह्यांच्या पायावर टेकला होता. चप्पल वितळत होती. पायाच्या कडेची कातडी पांढरी पडली होती. आणि माझा नवरा, नाक वर करून, इकडे तिकडे बघत, काय जळतंय ते शोधत होता.

मी किंचाळले. ट्रे लाथेने उडवला. नळाखाली पाय धरला, तरी ह्यांच्या तोंडून हाय नाही की हूं नाही. मग ह्यांनी पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत मी ह्यांना भुकेलेलं पाहिलं, चिडलेलं पाहिलं, पण घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"मला लागलंच नाही," हे म्हणाले. "माझा पाय कुठे गेला गं?"

सरळ दवाखान्यात नेलं. सासूबाई मागे राहीनात. "माझं लेकरू भाजलंय आणि मी घरात बसू?" म्हणत आमच्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

जखमेला मलमपट्टी झाली आणि मग डॉक्टरांनी ह्यांना उभं केलं. पाय जुळवा म्हणाले. जुळवले. डोळे मिटा म्हणाले. मिटले, आणि माझा नवरा वाऱ्यावर वाळत घातलेल्या लुगड्यासारखा हलायला लागला. ताईंनी दोन्ही बाजूंनी हात धरले म्हणून वाचला. मग डॉक्टरांनी एक धातूचा चिमटा ठोकला आणि त्याची थरथर पायाच्या अंगठ्यावर टेकवली. "काही जाणवतंय?"

"काय जाणवायला हवं?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलं. ते पाहणं मला अजिबात आवडलं नाही.

"काका," ताई म्हणाल्या, "बी-बारा घेता ना? गुलाबी गोळी?"

"सगळं घेतो," हे म्हणाले. "हिमोग्लोबिनचा कागद बघा." आणि खिशातून तोच कागद काढला. परीक्षेत पहिला आलेला मुलगा प्रगतिपुस्तक दाखवतो तसा.

ताईंनी कागद पाहिला आणि कपाळावर आठ्या आल्या. "रक्त चांगलं आहे. फॉलिक ॲसिड रोज घेतलं की रक्त चांगलं दिसू शकतं. पण बी-बारा नसेल तर नसा आतून उपाशी राहतात, आणि रक्ताच्या कागदावर ते दिसत नाही. म्हणून तर वर्षाला सगळ्या तपासण्या करायला सांगतो." मग ह्यांच्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "गोळी घेत असताना इतकं व्हायला नको. कशी घेता? गिळता का?"

हे छताकडे बघायला लागले.

तेवढ्यात सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठल्या. ताईंचं लक्ष तिकडे गेलं. "आजी! तुमची काठी कुठंय? ऑपरेशनच्या वेळी तुम्हाला दोघांनी धरून आणलं होतं. मला तुम्ही तुमची मोठी बहीण समजला होता."

"छे गं, तू कुठली बहीण. माझी बहीण गोरी होती," सासूबाई म्हणाल्या आणि कौतुकाने कमरेच्या बटव्याची गाठ सोडली. "तू फार दमलेली दिसतेस. घे, तोंडात टाक. माझा बाळ्या मला रोज देतो. चघळायची नाही हं, जिभेखाली ठेवायची. फार गोड असते."

त्यांच्या तळहातावर गुलाबी गोळी होती.

मी गोळीकडे पाहिलं, सासूबाईंच्या ताठ पाठीकडे पाहिलं, ह्यांच्या बँडेज बांधलेल्या पायाकडे पाहिलं. सून झाल्यापासून ऐकत आले होते, काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण कळसा रोज माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या काखेत जात होता.

"अहो!" मी ओरडले. एवढंच. त्या एका 'अहो'त पुढचं सगळं होतं आणि ह्यांना ते सगळं ऐकू आलं.

"ती साखर आहे," हे हळूच म्हणाले. "ही गुलाबी बाटली नवी आली, त्या पहिल्याच दिवशी जिभेखाली ठेवली आणि मला कळलं. साधीसुधी नाही, चांगली गोड. कॅरॅमलनंतरची गोष्ट ही. म्हटलं, औषधवाल्याने चुकून गोड दिलीय, आता पुन्हा मरतोय. थुंकून टाकली. एवढ्या महागाच्या गोळ्या फेकायच्या कशा? आईला गोड आवडतं..."

ताईंनी डोळे मिटून घेतले. हसू दाबत होत्या की राग, ते सांगता येत नाही. "काका, त्यात साखर नाहीच. दुसरा गोडवा असतो, शुगर नसलेला. आणि असती तरी एवढ्याशा गोळीतली साखर मुंगीलाही पुरली नसती. डम्पिंग चमच्यांनी होतं, कणाने नाही."

"पण गोड लागली!" ह्यांचा आवाज दुखावलेला. "माझी जीभ चुकत नाही."

"गोड ओळखण्यात नाही चुकली. गोड आणि साखर एकच, असं समजण्यात तुम्ही चुकलात."

ह्यांचा चेहरा पडला. पाय भाजलेला कळला नव्हता, पण हे लागलं.

ताईंनी मग शांतपणे समजावलं. अन्नातलं बी-बारा सुटायला जठराचं आम्ल लागतं आणि ते रक्तात जायला जठरातूनच येणारा एक सोबती लागतो. ह्यांचं अन्न आता जठराला बगल देतं, म्हणून अंडी, मासे कितीही खाल्ले तरी बरंचसं बी-बारा तसंच पुढे निघून जातं. शरीराची साठवण बराच काळ पुरते, त्यामुळे सुरुवातीला काहीच कळत नाही, आणि कळतं तेव्हा कोठार रिकामं झालेलं असतं. सासूबाईंचं कोठारही म्हातारपणी असंच रिकामं झालं असावं. त्यांचंही जठर थकलेलं. "त्यांना भरपूर डोस रोज मिळाला आणि त्या उभ्या राहिल्या," ताई म्हणाल्या. "आजींचंही रक्त आता तपासू. काका, तुम्ही डॉक्टर नसताना अगदी बरोबर औषध दिलंत. फक्त माणूस चुकला."

"पण आई सुधारत्येय हे दिसत होतं ना तुम्हाला?" माझा पारा अजून उतरला नव्हता. "तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला नको? दुसरी बाटली आणता येत नव्हती?"

हे खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, गोळीने नाही. मी रोज जवळ बसतो, हाताने भरवतो, म्हणून तिला बरं वाटतंय. ती मला दादा म्हणायची गं. आणि एक दिवस बाळ्या म्हणाली. मग तो नेम कसा मोडायचा? भीती वाटली, मोडला तर पुन्हा दादा होईन."

माझा राग तिथेच विरघळला. बायकांच्या वाट्याला हे असंच येतं, भांडणाची ऐन वेळ साधून समोरचा खरं बोलतो.

सासूबाईंना सगळं कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्या मटकन खुर्चीत बसल्या. तळहातावरची गोळी बघत राहिल्या. "म्हणजे हे माझं नव्हतंच? मी... जन्मभर माझ्या तोंडचा घास काढून ह्याला भरवला. आणि आता ह्याच्या तोंडचा मी खाल्ला?"

"आई, तुझी काही चूक नाही," हे म्हणाले.

"मग पाय परत येईल ना गं ह्याचा?" त्यांनी हा प्रश्न ह्यांना नाही, ताईंना विचारला.

ताईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, इंजेक्शनं आजपासूनच सुरू करायची, आधी लागोपाठ, मग अंतराने. ड जीवनसत्त्वही कमी निघण्याची शक्यता आहे, तेही बघू. "नसा भरून यायला महिने लागतात, आजी. बरंच येईल असं वाटतं. सगळं येईल असं वचन देत नाही."

त्या दिवसापासून आमच्या घरी नवा दिनक्रम सुरू झाला. ओट्यावर दोन बाटल्या आल्या. सासूबाईंनाही गोळी चालूच ठेवायला सांगितली, म्हणून त्यांची निळ्या झाकणाची. ह्यांची लाल झाकणाची, इंजेक्शनांची ओळ संपल्यावर घ्यायची. दोघांनी एकमेकांसमोर तोंड उघडून दाखवायचं, हा माझा हुकूम. ह्यांना भट्टीशी जाण्याची बंदी. मी ट्रे काढायची आणि हे स्टुलावर बसून सूचना द्यायचे. भट्टीपेक्षा तेच जास्त गरम व्हायचं.

आणि रोज सकाळी सासूबाई लेकाच्या खोलीत जायच्या. आता दार लोटलेलं नसायचं. क्रीमची नक्षी काढायचं टोकदार नळकांडं घ्यायच्या, जमिनीवर बसायच्या, ह्यांचा पाय मांडीवर घ्यायच्या. लहानपणी काटा काढायला घेतला असेल तसा. नळकांड्याचं टोक अंगठ्याला लावायचं आणि विचारायचं, "कळतंय?"

"नाही, आई."

"बरं. उद्या बघू."

जीभ आधी परतली. झोंबणं थांबलं. मग बोटं आली आणि गुलाब पुन्हा गुलाबासारखे दिसायला लागले, निदान लांबून. बेसिनची कड सुटायला लागली. मी दाराआडून बघायचे, हे साबण लावून डोळे मिटतात आणि हात हवेतच ठेवतात. जरा डुलतात, पण उभे असतात. मी काही थट्टा करत नाही.

पाय मात्र हट्टी. सासूबाईंचा प्रश्न तोच, ह्यांचं उत्तर तेच. मधेच एकदा हे मला म्हणाले, "खोटंच हो म्हणू का गं? तिला बरं वाटेल." मी म्हटलं, "एकदा गोळीवरून फसवलंत तेवढं पुरे."

मग परवाची सकाळ. मी चहा गाळत होते. आतून सासूबाईंचा आवाज, "कळतंय?" मी 'नाही, आई' ची वाट बघत गाळणं झटकलं.

"आई गं! अगं टोचतंय!"

गाळणं माझ्या हातून पडलं. मी आत धावले. हे पाय ओढून घेत होते आणि सासूबाई तो सोडत नव्हत्या.

"खरं?" त्या म्हणाल्या. "की माझ्या समाधानासाठी?"

"खरं, आई. टोक आहे. बारीक. डाव्या बाजूला."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण हात घट्ट होता. त्यांनी पुन्हा नळकांडं अंगठ्याला लावलं आणि यावेळी चांगलंच दाबलं. हे ओरडले. त्यांनी पुन्हा दाबलं.

"ओरड, बाळ्या," त्या म्हणाल्या. "अजून एकदा ओरड."